‘घटते’ ते काय? : उत्पादन फलन आणि गव्हाच्या नत्र-प्रतिसादाचे एक उदाहरण

भारतीय भाषांतून अर्थशास्त्राचे अध्यापन सुरू झाले तेव्हा ज्या संज्ञांनी भाषांतरकारांची परीक्षा पाहिली, त्यांत उत्पादनसिद्धांतातील एका नियमाचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते. हिंदी पाठ्यपुस्तकांत तो ‘उत्पत्ति ह्रास नियम’ या नावाने रूढ आहे. मराठीत त्यास ‘घटत्या फलाचा नियम’ असे म्हटले जाते. दोन्ही नावे सुटसुटीत आहेत, परंतु दोहोंतही एक उणीव आहे. नियमात जे घटते त्याचे नाव या शब्दांत आलेले नाही. ‘उत्पत्तीचा ह्रास’ असे वाचणाऱ्याचा समज सहजच असा होतो की, खत वाढवीत गेल्यास पीक कमी कमी होत जाते. ‘घटते फल’ या शब्दांनीही तोच ग्रह होतो, कारण व्यवहारात ‘फल’ म्हणजे हाती आलेले पीक. कृषी-अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यास हा नियम शिकविताना पहिला अडसर गणिताचा नसतो, या शब्दाचा असतो. तो दूर झाल्यावाचून पुढील एकही पायरी नीट चढता येत नाही. यास्तव प्रस्तुत लेखात एकाच उदाहरणाच्या आधारे घटते ते नेमके काय, आणि त्या घटण्यावरून शेतकऱ्याने कोठे थांबावे हे कसे ठरते, एवढ्याच दोन प्रश्नांचा विचार केला आहे.

१. फलन आणि फल

‘फलन’ हा गणितातील शब्द आहे. एक राशी बदलली असता दुसरी राशी कोणत्या रीतीने बदलते हे सांगणारा संबंध म्हणजे फलन. त्या अर्थाने उत्पादन फलन म्हणजे वापरलेली आदाने आणि मिळालेले उत्पादन यांतील भौतिक संबंध. जमीन, बियाणे, पाणी, श्रम, खत ही आदाने. धान्य हे उत्पादन. या संबंधात पैशाचा प्रवेश अद्याप झालेला नाही, हे येथे विशेष ध्यानात घ्यावयास हवे. किलोभर नत्राने किती किलो गहू वाढला, हा प्रश्न जमिनीला आणि रोपाला विचारावयाचा आहे, बाजाराला नव्हे. बाजाराचा प्रश्न त्यानंतर येतो, आणि तो वेगळा ठेवला तरच दोहोंची उत्तरे स्वच्छ मिळतात.

सर्व आदाने एकाच वेळी बदलली तर कशामुळे काय झाले हे सांगणे अशक्य होईल. म्हणून शेतावरील प्रयोगात एक आदान बदलते ठेवून बाकीची स्थिर ठेवतात. एकाच जमिनीचे सारखे वाफे पाडावयाचे, सर्वांत एकच वाण एकाच दिवशी पेरावयाचे, पाण्याच्या पाळ्या, स्फुरद आणि पालाश सर्वांस समान द्यावयाचे, आणि नत्राची मात्रा तेवढी वाफ्यागणिक बदलावयाची. एका वाफ्यास नत्र मुळीच द्यावयाचे नाही; तो तुलनेचा वाफा. जमिनीचा कस जागोजागी थोडाफार वेगळा असतोच, म्हणून प्रत्येक मात्रा एकापेक्षा अधिक वाफ्यांत पुन्हा पुन्हा घेऊन सरासरी काढावयाची. अशा प्रयोगातून जी आकड्यांची मालिका हाती येते तिला नत्र-प्रतिसाद म्हणतात, आणि ती मालिका म्हणजेच एका आदानापुरते मर्यादित असे उत्पादन फलन होय.

२. आकड्यांची मालिका

खालील कोष्टक बागायती गव्हाचे आहे. त्यातील आकडे अध्यापनासाठी रचलेले आहेत, कोणत्याही एका प्रयोगक्षेत्रावरील नोंदी नव्हेत. हिशेब तोंडी करता यावा अशा बेताने ते घेतले आहेत. मात्रा आणि उत्पादन हेक्टरी किलोमध्ये आहे.

| नत्राची मात्रा | एकूण उत्पादन | मागील पायरीहून वाढ | दर किलो नत्रामागे वाढ |
|---|---|---|---|
| ० | १,८०० | – | – |
| ३० | २,६१० | ८१० | २७ |
| ६० | ३,२४० | ६३० | २१ |
| ९० | ३,६९० | ४५० | १५ |
| १२० | ३,९६० | २७० | ९ |
| १५० | ४,०५० | ९० | ३ |
| १८० | ३,९६० | –९० | –३ |

दुसरा स्तंभ वरून खाली वाचावा. नत्र मुळीच न देता १,८०० किलो गहू आला. हे जमिनीतील मूळच्या नत्राचे देणे. तेथून १५० किलोंच्या मात्रेपर्यंत एकूण उत्पादन सतत वाढतच गेले आहे. आता तिसरा स्तंभ वाचावा. पहिल्या ३० किलोंनी ८१० किलो गहू वाढविला, दुसऱ्या ३० किलोंनी ६३०, तिसऱ्या ३० किलोंनी ४५०. नत्राचा प्रत्येक हप्ता सारखाच आहे, पण त्याने घातलेली भर दर वेळी आधीपेक्षा कमी आहे. घटते ती ही भर. अर्थशास्त्रात तिला सीमांत उत्पादन म्हणतात, म्हणजे आदानाच्या शेवटच्या एककाने एकूण उत्पादनात घातलेली भर. नियमाचे पूर्ण नाव ‘घटत्या सीमांत उत्पादनाचा नियम’ असेच असावयास हवे. बोलण्याच्या सोयीसाठी त्यातील ‘सीमांत’ हा कळीचा शब्द गळला आणि सारा घोटाळा झाला.

या कोष्टकातील दोन टप्पे वेगळे ओळखता आले पाहिजेत. शून्यापासून १५० किलोंपर्यंत सीमांत उत्पादन घटत आहे आणि एकूण उत्पादन वाढत आहे. ही दोन विधाने एकाच वेळी खरी आहेत. १५० च्या पुढे मात्र सीमांत उत्पादन ऋण होते आणि तेव्हाच, प्रथमच, एकूण उत्पादन घटू लागते. ‘उत्पत्तीचा ह्रास’ हा शब्दप्रयोग काटेकोरपणे या दुसऱ्या टप्प्यासच लागू पडेल. परंतु नियमाचा आरंभ तेथे होत नाही. या उदाहरणात तो पहिल्या ३० किलोंनंतरच सुरू झालेला आहे.

फ्रेंच प्रशासक आणि अर्थचिंतक त्युर्गो याने १७६० च्या दशकाच्या अखेरीस शेतीविषयी लिहिताना हीच गोष्ट एका दृष्टांताने मांडली होती. जमिनीच्या सुपीकतेस त्याने वजनाने दाबल्या जाणाऱ्या स्प्रिंगची उपमा दिली. सारख्या वजनांची एकेक भर घालीत गेले की स्प्रिंग दर वेळी थोडी दबते, पण पुढे पुढे तेवढ्याच वजनाने ती पूर्वीपेक्षा कमी दबते. दाब पडत नाही असे नाही. भर लहान होत जाते. दृष्टांताचे बळ असे की, त्यात घटणाऱ्या वस्तूविषयी संदिग्धता उरत नाही. पारिभाषिक शब्दाने जे गमावले ते त्या उपमेत शाबूत आहे.

३. भर का घटते

हा नियम तर्काने सिद्ध होणारा नाही. तो रोपाच्या वाढीतून येतो. नत्राविना वाढलेल्या गव्हास सर्वांत तीव्र उणीव नत्राचीच असते. पहिला हप्ता ती उणीव भरून काढतो, पाने हिरवी आणि रुंद होतात, फुटवे वाढतात, आणि धान्याची झेप मोठी असते. पुढच्या हप्त्यांच्या वेळी नत्राची भूक बरीच भागलेली असते आणि दुसऱ्याच गोष्टींची अडचण जाणवू लागते. पाने एकमेकांवर सावली धरतात, पाणी अपुरे पडू लागते, स्फुरद वा जस्त कमी पडते. या गोष्टी प्रयोगात स्थिर ठेवलेल्या आहेत, म्हणजे त्या वाढत्या नत्राबरोबर वाढलेल्या नाहीत. एका आदानाचे प्रमाण इतरांशी सतत विषम होत जाणे हेच भर घटण्याचे मूळ कारण होय. काही ग्रंथकार या नियमास ‘बदलत्या प्रमाणांचा नियम’ म्हणतात, आणि ते नाव कारणाच्या अधिक जवळ जाणारे आहे.

शिखराच्या पलीकडे अतिरिक्त नत्र अपायच करते. कांडी लुसलुशीत आणि लांब होते, पीक वाऱ्यापावसात लोळते, पक्वतेस उशीर होतो, रोगांस ते सहज बळी पडते. शेतात याची खूण डोळ्यांना दिसते. रंग गर्द हिरवा, वाढ डोळ्यांत भरणारी, पण ओंबी भरण्याच्या सुमारास पीक आडवे. हिरवेपणा हा उत्पादनाचा पुरावा नव्हे, हे विद्यार्थ्याने येथेच लक्षात ठेवावे.

४. सरासरीचा चकवा

कोष्टक समजले तरी एक चूक वारंवार होते, म्हणून तिचा स्वतंत्र विचार करणे भाग आहे. समजा, एखाद्याने १८० किलो नत्र दिले आणि ३,९६० किलो गहू काढला. नत्राविना १,८०० किलो आले असते. म्हणजे नत्रामुळे २,१६० किलो वाढले. यास १८० ने भागले की दर किलो नत्रामागे १२ किलो गहू असे उत्तर येते. किलोभर नत्राने बारा किलो गहू दिला, हा व्यवहार कोणासही उत्तम वाटेल. परंतु कोष्टक सांगते की, शेवटच्या ३० किलोंनी गहू दिलेला नाही. उलट ९० किलो गहू खाल्ला. पहिल्या हप्त्यांच्या भरघोस कमाईने शेवटच्या हप्त्याचा तोटा झाकला गेला आहे.

सरासरी भूतकाळाचा हिशेब सांगते. आणखी एक गोणी टाकावी की नाही, या प्रश्नाचे उत्तर तिच्यात नसते. ते त्या गोणीच्या स्वतःच्या भरेत असते, म्हणजे सीमांत उत्पादनात. १२० किलोंच्या मात्रेस सरासरी वाढ १८ किलो आहे आणि त्या पायरीवरील वाढ ९ किलो. पहिल्या पायरीवरील वाढ सोडली तर दोहोंतील हे अंतर सर्वत्र आढळते. ज्या अहवालात केवळ सरासरी प्रतिसाद दिलेला असतो, त्यावरून मात्रेविषयीचा निर्णय काढता येत नाही.

५. कोठे थांबावे

येथवर पैसा बाजूस ठेवला होता. आता तो आणावयाचा. निर्णयाचे सूत्र एका वाक्यात सांगता येते : शेवटच्या किलो नत्राने वाढविलेल्या गव्हाची किंमत त्या किलोभर नत्राच्या किमतीइतकी होईल तेथे थांबावे. हेच दुसऱ्या शब्दांत सांगावयाचे तर, सीमांत उत्पादन हे नत्राची किंमत भागिले गव्हाची किंमत या गुणोत्तराइतके व्हावे. किलोभर नत्र विकत घेण्यास किती किलो गहू विकावा लागतो, एवढाच या गुणोत्तराचा अर्थ.

कोष्टकातील आकडे पुढील समीकरणात तंतोतंत बसतात. यात उ म्हणजे उत्पादन आणि न म्हणजे नत्र.

उ = १८०० + ३० न − ०.१ न²

यावरून कोणत्याही मात्रेवरील सीमांत उत्पादन ३० − ०.२ न असे निघते. ते शून्य होते तेथे, म्हणजे १५० किलोंवर, उत्पादनाचे शिखर आहे. गुणोत्तरास ग म्हटले तर सर्वाधिक फायद्याची मात्रा न = १५० − ५ ग इतकी येते. नत्र फुकट असेल तरच ग शून्य होईल आणि फायद्याची मात्रा शिखरावर जाऊन बसेल. एरवी ती नेहमी शिखराच्या अलीकडेच असते. महत्तम उत्पादन आणि महत्तम लाभ या दोन भिन्न गोष्टी आहेत, हा या पाठाचा गाभा होय.

हे अंतर किती, ते किंमत ठरविते. १९७३ च्या तेलसंकटानंतर, जून १९७४ मध्ये, भारतात युरियाची किंमत टनास २,००० रुपये करण्यात आली. युरियात नत्र ४६ टक्के असते. म्हणजे टनात ४६० किलो नत्र, आणि किलोभर नत्राची किंमत सुमारे ४ रुपये ३५ पैसे. त्याच वर्षी गव्हाची शासकीय खरेदी-किंमत क्विंटलला १०५ रुपये, म्हणजे किलोस १ रुपया ५ पैसे होती. किलोभर नत्रासाठी चार किलोंहून थोडा अधिक गहू द्यावा लागत होता. त्या भावाने आपल्या उदाहरणातील फायद्याची मात्रा सुमारे १२९ किलो निघते, शिखराच्या २१ किलो अलीकडे.

आता दुसरे टोक पाहावे. २०२५-२६ च्या विपणन हंगामासाठी गव्हाची किमान आधारभूत किंमत क्विंटलला २,४२५ रुपये होती, आणि २०२५ मध्ये ४५ किलोंच्या युरियाच्या गोणीची किंमत, कर आणि निंबलेपनाचा आकार वगळून, २४२ रुपये. गोणीत २०.७ किलो नत्र असते, म्हणून किलोभर नत्र सुमारे ११ रुपये ७० पैशांस पडते, आणि गहू २४ रुपये २५ पैसे किलो. किलोभर नत्रासाठी अर्धा किलोही गहू विकावा लागत नाही. फायद्याची मात्रा १४७ ते १४८ किलोंवर येते, म्हणजे जवळजवळ शिखरावर.

या दोन वर्षांचा फरक शेतकऱ्याच्या खिशात कसा उमटतो ते पाहणे उद्बोधक ठरेल. १२९ किलोंवरून १५० किलोंवर गेल्यास गहू सुमारे ४४ किलो वाढतो. १९७४ च्या भावाने त्याचे ४६ रुपये आले असते आणि २१ किलो नत्रास ९१ रुपये लागले असते. हेक्टरी ४५ रुपयांचा तोटा. २०२५ च्या भावाने त्याच ४४ किलोंचे सुमारे १,०७० रुपये येतात आणि नत्रास २४५ रुपये लागतात. हेक्टरी ८२० रुपयांहून अधिक लाभ. जमीन तीच, वाण तेच, उत्पादन फलन तेच. बदलले ते गुणोत्तर, आणि त्याबरोबर शहाणपणाची मात्राही बदलली. जो शेतकरी आज शिखरापर्यंत युरिया टाकतो त्यास अडाणी म्हणण्याची घाई करू नये. भाव त्याला जे सांगतो तेच तो करीत असतो.

परंतु येथेच धोका आहे. शिखर १५० वर आहे हे कोष्टकात दिसते, शेतात दिसत नाही. प्रत्येक जमिनीचे शिखर निराळे, आणि एकाच जमिनीचेही पावसापाण्यानुसार वर्षागणिक निराळे. नत्र महाग असता शेतकरी शिखराच्या बराच अलीकडे थांबतो आणि अंदाज थोडा चुकला तरी चढणीवरच राहतो. नत्र स्वस्त झाले की तो कड्याच्या टोकाशी उभा असतो. अंदाज चुकला की पाऊल उतरणीवर पडते. तो १५० ऐवजी १८० किलोंवर गेला तर ९० किलो गहू आणि ३० किलो नत्र मिळून हेक्टरी अडीच हजार रुपये गमावतो, आणि सरासरीचा हिशेब त्यास तरीही सर्व आलबेल असल्याचे सांगत राहतो. शिवाय दिलेल्या नत्रापैकी पुष्कळदा निम्म्याहून कमीच पिकास लागू पडते. उरलेल्यातील काही हवेत जाते, काही नायट्रेटच्या रूपाने भूजलात उतरते. कोष्टकात त्या नुकसानीसाठी स्तंभच नाही. अनुदानाचा भार कोषागारावर पडतो, तोही शेतकऱ्याच्या हिशेबात येत नाही.

६. नियमाची कक्षा

अखेरीस, हा नियम कोठवर लागू होतो हे सांगणे अगत्याचे आहे. इतर आदाने स्थिर असता एक आदान वाढविले, एवढ्या अटीवर तो उभा आहे. अट मोडली की वक्र नवा होतो. जर्मन रसायनज्ञ लीबिग याने एकोणिसाव्या शतकात प्रसृत केलेला न्यूनतमाचा नियम असे सांगतो की, ज्या पोषकद्रव्याची उणीव सर्वाधिक, तेच वाढीची मर्यादा ठरविते. स्फुरद अपुरे असलेल्या जमिनीत नत्राचा वक्र लवकरच सपाट होतो. स्फुरद दिले की तोच वक्र वर चढतो आणि तेवढेच नत्र अधिक गहू देते. भारतात १ एप्रिल २०१० पासून स्फुरद आणि पालाशयुक्त खतांस पोषकद्रव्याधारित अनुदान लागू झाले आणि युरिया त्या योजनेबाहेर राहिला. नत्र स्वस्त आणि बाकीची खते महाग अशी विषमता त्यातून वाढली. वर म्हटल्याप्रमाणे प्रमाणातील विषमता हेच भर घटण्याचे मूळ. तेव्हा अशा भावांनी शेतकऱ्यास त्याच वक्राच्या सपाट भागाकडे ढकलावे, यात नवल नाही.

वाण बदलल्यानेही वक्र बदलतो. १९६० च्या दशकात उंच देशी गव्हाच्या जागी मेक्सिकोहून आलेले बुटके गहू भारतात पेरले गेले. उंच गहू थोड्याशा अधिक नत्राने लोळत असे, म्हणजे त्याचे शिखर जवळ होते. बुटक्या कांडीने नत्राचा भार पेलला आणि शिखर दूर व उंच गेले. यामुळे नियम खोटा पडला असे काहींस वाटले. वस्तुतः जुन्या वक्रावरून नव्या वक्रावर उडी घेतली गेली होती, आणि नव्या वक्रावरही प्रत्येक पुढच्या हप्त्याची भर आधीच्यापेक्षा कमीच होती.

प्रयोगाची आखणी करणाऱ्याने यातून एक व्यावहारिक दक्षता घ्यावयाची असते. वरील कोष्टक ० आणि ६० या दोनच मात्रांवर थांबविले असते तर दोन बिंदूंतून सरळ रेषा निघाली असती, आणि किलोभर नत्रास २४ किलो गहू सदैव मिळत राहील असा निष्कर्ष कागदावर आला असता. वाकण दिसण्यास किमान तिसरा बिंदू लागतो. शिखर दिसण्यास त्याच्या पलीकडची एक मात्रा घ्यावी लागते, जरी तेथे तोटा होणार हे आधीच ठाऊक असले तरी. कोष्टकातील शेवटची ओळ त्यासाठीच आहे. तिच्यावाचून १५० ही मात्रा शिखर आहे की चढणीवरील आणखी एक पायरी, हे सांगता आले नसते. आणि ‘घटते’ या शब्दाचे दोन अर्थ, भर घटणे आणि पीक घटणे, विद्यार्थ्यास एकाच कोष्टकात वेगळे करून दाखविता आले नसते.